काका, तुमच्या पंपाचा व्हिडिओ करायचा आहे

धावड्यासारख्या गावात पैसे घेऊन वस्तूचा व्हिडिओ करण्याबद्दल दुकानदाराला मेल पाठवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो हा, की मेल कशाला? दुकान हाकेच्या अंतरावर आहे, काका रोज दिसतात, जाऊन बोलावं. बोलायचं आहेच. पण पैशाचं बोलणं काउंटरवर नीट होत नाही. मागे तीन गिऱ्हाईकं उभी असतात, कोणीतरी युरियाचा भाव विचारत असतो, आणि काका हसून म्हणतात, "अरे करून टाक, बघू मग." या "बघू मग" मध्ये किती पैसे, कधी, आणि पंप खराब निघाला तर काय, यातलं काहीच ठरलेलं नसतं. महिन्याभराने दोघांच्या मनात दोन वेगळे आकडे असतात आणि रोजचा नमस्कार अवघडतो.

मेलचा दुसरा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. दुकानदार हा बहुतेक वेळा कुठल्यातरी कंपनीचा विक्रेता असतो. जाहिरातीसाठी पैसे हवेत म्हणून त्याला जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वितरकाला विचारायचं असेल, तर तोंडी सांगितलेलं पुढे जात नाही. लिहिलेला मेल जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. म्हणून मेल लिहिताना तो काकांसाठी लिहायचा, पण गावाबाहेरच्या माणसालाही पूर्ण कळेल असा लिहायचा.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. भोकरदन तालुक्याचा हा पट्टा मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार सगळ्यांना माहीत आहे. मिरची म्हटलं की फुलकिडे, कोळी, कोकडा आणि त्यामागे लागलेली फवारणी आलीच. समजा तुमचा शेतीचा लहानसा चॅनेल आहे, आणि गावातल्या शेती साहित्याच्या दुकानात बॅटरीवर चालणारा 16 लिटरचा फवारणी पंप आहे. त्या पंपाचा व्हिडिओ तुम्ही पैसे घेऊन करणार आहात.

वस्तू निवडतानाच अर्धं काम होतं. पंप मी मुद्दाम घेतला, कारण तो मोजता येतो. आपल्याकडे "पंप" म्हणजे यंत्रही आणि भरलेली एक टाकीही. "एकराला दहा पंप गेले" असं आपण म्हणतो. पंपाच्या खोक्यावर एका चार्जिंगमध्ये इतके पंप जातील असं छापलेलं असतं, आणि शेतकऱ्याला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं, की आठव्या पंपाला दाब कमी होतो का, मधेच घरी जाऊन चार्जिंग लावावं लागतं का. याचं उत्तर एका दिवसात शेतात मिळतं. याच दुकानातलं कीटकनाशक किंवा बियाणं मात्र घेऊ नका. औषधाचा परिणाम हवामान, किडीची अवस्था, प्रमाण, आधीची फवारणी अशा दहा गोष्टींवर अवलंबून असतो. एका वाफ्यावर फवारून "जबरदस्त रिझल्ट" म्हणणं खोटं ठरू शकतं, आणि तुमचं ऐकून कोणी लेबलपेक्षा जास्त मात्रा मारली तर नुकसान त्याच्या पिकाचं आणि अंगाचं होतं. बियाण्याचा निकाल तर हंगाम संपल्याशिवाय लागत नाही.

मेल लिहायच्या आधी दोन गोष्टी शोधा. पहिली, तो मेल उघडतं कोण. दुकानाच्या बिलावर किंवा पाटीवर मेलचा पत्ता असतो, पण तो बऱ्याचदा परवान्यासाठी किंवा जीएसटीसाठी काढलेला असतो आणि त्याचा पासवर्ड हिशेब बघणाऱ्याकडे असतो. काकांचा मुलगा किंवा सून दुकानाचे ऑनलाइन व्यवहार बघत असेल तर त्यांचा पत्ता मागा. दुकानात जाऊन एवढंच म्हणा, "काका, एका व्हिडिओबद्दल मेल टाकतोय, रात्री बघा. नाही दिसला तर स्पॅममध्ये बघायला सांगा." अनोळखी पत्त्यावरून आलेला मेल तिथे जाऊन पडतो, आणि तुम्ही आठवडाभर उत्तराची वाट बघत बसता.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा खरा आकडा. इथे लहान चॅनेलवाले सर्वात जास्त चुकतात. सबस्क्राइबरचा आकडा दुकानदाराच्या काही कामाचा नाही, कारण सबस्क्राइबर प्रत्येक व्हिडिओ बघतोच असं नाही. सरासरीही फसवते. समजा, टाकल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तुमचे मागचे दहा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिले गेले: 140, 155, 180, 190, 210, 230, 260, 310, 340 आणि 2,900. शेवटचा कशामुळे तरी अचानक चालला. सगळ्यांची बेरीज 4,915, म्हणजे सरासरी 491. पण दहापैकी नऊ व्हिडिओ 350 च्या खालीच आहेत. आकडे चढत्या क्रमाने लावून मधले दोन घ्या, 210 आणि 230. त्यांच्या मधला 220 हा तुमचा खरा आकडा. मेलमध्ये "साधारण 200 ते 250" लिहा. 491 लिहिलं आणि व्हिडिओ 230 वर थांबला, तर काकांच्या लेखी तुम्ही अर्धंच काम केलं.

शिवाय हा आकडा किती वेळा पाहिलं गेलं याचा आहे, किती माणसांनी पाहिलं याचा नाही. त्यातले धावड्याच्या आसपासचे किती हेही यूट्यूब सांगत नाही. Analytics मध्ये देश दिसतो, फार तर मोठी शहरं दिसतात, गाव दिसत नाही. कोल्हापूरचा शेतकरी तुमचा व्हिडिओ मन लावून बघेल, पण पंप घ्यायला धावड्याला येणार नाही. ही मर्यादा मेलमध्ये स्वतःहून लिहा. लपवली तर ती महिन्याभरात आपोआप उघडी पडते.

आता पैसे. मोठ्या चॅनेलचे दर ऐकून आकडा ठरवू नका. आधी आपला खर्च मांडा. शेतात चित्रीकरणाचा एक दिवस, व्हिडिओ जुळवून आवाज टाकायला एक दिवस, पेट्रोल आणि एका मदतनिसाचा अर्धा दिवस. दिवसाचे 600 रुपये धरले तर दोन दिवसांचे 1,200, मदतनिसाचे 300 आणि पेट्रोलचे 100 मिळून 1,600 होतात. मग काकांच्या बाजूने हिशेब करा. एका पंपामागे त्यांना, समजा, 300 ते 400 रुपये सुटत असतील, तर 1,600 वसूल व्हायला चार ते सहा जादा पंप विकले जावे लागतील. 220 वेळा पाहिलेल्या व्हिडिओतून, तेही त्यातले बरेच बाहेरगावचे असू शकत असताना, पाच पंप ही मोठी अपेक्षा आहे. म्हणून मी 1,500 म्हणेन आणि त्यात मोबाइलवर पाठवता येईल अशी एक मिनिटाची छोटी फीत वेगळी देईन. ती काका गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू शकतात, आणि खरं सांगायचं तर गावातल्या दुकानाला मूळ व्हिडिओपेक्षा तिचाच उपयोग जास्त होतो. काकांच्या नफ्याचा आकडा मेलमध्ये लिहायचा नाही. तो त्यांचा घरचा प्रश्न आहे. तुमचा हिशेब तुमच्यापाशीच ठेवा.

"पंप विकला की मागे 100 रुपये" असा व्यवहार काकांनी सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. पंप विकला गेला की तुम्हाला पैसे मिळणार असतील, तर दोष सांगताना तुमचीच जीभ अडखळेल. ठरलेली एकच रक्कम घ्या. वर्षाची सगळी कमाई 20 लाखांच्या आत असलेल्या सेवेला जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा त्या नावाखाली रक्कम वाढवू नका. साधी सही केलेली पावती मात्र द्या.

पैसे घेतले हे प्रेक्षकाला सांगणं आता आपल्या मर्जीवर राहिलेलं नाही. मुंबईची भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, हिने 2021 मध्ये सोशल मीडियावरच्या जाहिरातींसाठी नियम काढले, ते 14 जून 2021 पासून लागू झाले. व्हिडिओ दोन मिनिटांपेक्षा मोठा असेल तर वस्तूबद्दल जेवढा वेळ बोलणं चालू आहे तेवढा पूर्ण वेळ "जाहिरात" ही पट्टी पडद्यावर दिसली पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही 20 जानेवारी 2023 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्या भाषेत व्हिडिओ त्याच भाषेत हे सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत भाग घेणाऱ्याला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चॅनेल लहान आहे म्हणून कायदा वेगळा होत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की दाव्याची खातरजमा केलेल्या माणसावर हा दंड बसत नाही. म्हणून शेतातली मोजणी कॅमेऱ्यासमोर करायची आणि मूळ चित्रीकरण जपून ठेवायचं.

यूट्यूबवर यासाठी वेगळी खूण करावी लागते. व्हिडिओ टाकताना YouTube Studio मध्ये Details च्या पानावर Show more दाबलं की Paid promotion चा भाग येतो, तिथली चौकट निवडायची. मग सुरुवातीला Includes paid promotion अशी ओळ थोडा वेळ दिसते. तेवढ्याने भागत नाही. मराठी व्हिडिओत मराठीत, तोंडाने आणि पट्टीने, दोन्हीकडून सांगा. हे सगळं करणार आहात हे काकांना मेलमध्येच कळवा. व्हिडिओ आल्यावर "जाहिरात कशाला लिहिलं रे, लोक काय म्हणतील" असं ऐकायला लागलं, तर चूक मेल लिहिणाऱ्याची.

माझा असा पहिला मेल मी दोन पानांचा लिहिला होता, चॅनेलचा इतिहास आणि सोबत आलेखांची पीडीएफ. उत्तर आलं नाही. पुढे त्या दुकानदाराच्या मुलाच्या फोनवर तो मेल बघितला तेव्हा कळलं, की विषयाच्या ओळीतली शेवटची चार अक्षरं कापली गेली होती आणि पीडीएफ उघडतच नव्हती. तेव्हापासून मी मेल आधी स्वतःला पाठवतो आणि साध्या फोनवर उघडून बघतो. विषयाची ओळ फोनवर मावेल एवढीच हवी आणि त्यात वस्तू व रक्कम दोन्ही हव्यात. जोडपत्र नको. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्याच्या फोनवर अगम्य चिन्हं होऊन दिसतं, म्हणून फोनच्याच मराठी कीबोर्डने लिहा.

मेल असा:

विषय: फवारणी पंपाचा व्हिडिओ, 1,500 रु.

काका, नमस्कार.

मी ______, मागच्या गल्लीतल्या ______ यांचा मुलगा. यूट्यूबवर मिरचीच्या शेतीचे व्हिडिओ करतो. काल दुकानात बोललो होतो तो हा मेल.

तुमच्याकडच्या 16 लिटरच्या बॅटरी पंपाचा एक व्हिडिओ करायची इच्छा आहे. पंप पूर्ण चार्ज करून आमच्या मिरचीत साध्या पाण्याने चालवणार. एका चार्जिंगमध्ये किती पंप जातात आणि दाब कधी कमी होतो ते कॅमेऱ्यासमोर मोजणार. चांगलं आणि वाईट जे दिसेल ते सांगणार. व्हिडिओ सहा-सात मिनिटांचा असेल, त्यात दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन येईल. व्हॉट्सअॅपवर पाठवायला एक मिनिटाची फीत वेगळी देईन.

चॅनेल लहान आहे. पहिल्या महिन्यात एक व्हिडिओ साधारण 200 ते 250 वेळा पाहिला जातो. त्यात आपल्या भागातले किती हे मला सांगता येणार नाही. किती पंप विकले जातील याचीही खात्री मी देत नाही. माझं काम कसं असतं ते इथे बघता येईल: (एकाच व्हिडिओची लिंक)

खर्च 1,500 रुपये. 750 चित्रीकरणाआधी, 750 व्हिडिओ टाकल्यावर. पावती देईन. पंप तीन दिवस लागेल. डेमोचा चालेल, पण बॅटरी नवी असावी. स्वच्छ करून परत आणून देईन.

दोन गोष्टी आधीच सांगतो. दुकानाकडून पैसे घेतले आहेत हे व्हिडिओत सुरुवातीला सांगणार आणि "जाहिरात" ही पट्टी ठेवणार, तसा नियम आहे. दुसरं, पंपात काही दोष दिसला तर तो आधी तुम्हाला दाखवेन. व्हिडिओ नको वाटला तर टाकणार नाही, मग पहिले 750 माझ्या कष्टाचे आणि उरलेले द्यायचे नाहीत. पण टाकायचा ठरला तर दोष झाकून टाकता येणार नाही.

जमत असेल तर याच मेलला "चालेल" एवढं लिहा. नसेल जमत तरी हरकत नाही, आपलं येणं-जाणं तसंच राहील.

तुमचा,
______
(फोन)

या मेलमधला सर्वात जड भाग दोषाचा आहे, आणि तोच बरेच जण वगळतात. तो नसेल तर काय होतं ते पंपावरच बघा. खोक्यावर वीस पंपांचा दावा आहे आणि तुमच्या शेतात चौदा पंपांनंतर धार पडायला लागली. काका म्हणणार, बॅटरी नीट चार्ज झाली नसेल, तो भाग काढून टाक. कदाचित ते बरोबरही असेल. डेमोचा पंप दुकानात महिनोन्महिने पडून असतो आणि न वापरलेली बॅटरी आपोआप कमजोर होते. म्हणूनच मेलमध्ये नवी बॅटरी मागितली आहे. तरीही आकडा कमी आला तर पुन्हा पूर्ण चार्ज करून दुसऱ्या दिवशी मोजा आणि दोन्ही आकडे व्हिडिओत द्या. चौदा पंप म्हणजे 224 लिटर पाणी. ज्याला एकराला दहा-बारा पंप लागतात त्याचं एक एकर त्यात आरामात होतं. तेव्हा "दाव्यापेक्षा कमी, पण एका एकराला पुरेसा" हे खरं वाक्य काकांच्याही कामाचं आहे. दोन एकर मिरची असलेला माणूस जादा बॅटरी मागेल, आणि तीही काकांकडेच मिळते.

साध्या पाण्याचा उल्लेखही मुद्दाम आहे. औषध भरलेला पंप दुकानात परत ठेवता येत नाही, आणि तणनाशकाचा अंश टाकीत राहिला तर पुढच्या गिऱ्हाइकाचं पीक जळू शकतं.

उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. पहिलं, "पैसे कशाला, पंपच घेऊन जा." पंप 1,500 पेक्षा महाग असेल तर तुम्ही जास्तच घेताय, आणि फुकट मिळालेली वस्तूसुद्धा प्रेक्षकाला सांगावी लागतेच. पंप खरंच हवा असेल तर वरचे पैसे देऊन वेगळ्या बिलाने घ्या. दुसरं उत्तर, "तुमच्या उधारीत वळते करू." गावात हे फार सहज बोललं जातं. माझं स्पष्ट मत आहे की वळतं करू नये. खतांची उधारी वडिलांच्या नावावर असते, व्हिडिओ तुमचा असतो, आणि वहीत दोन्ही एकत्र झाले की कोणाचं किती फिटलं यावर घरातच बोलाचाली सुरू होते. व्हिडिओचे पैसे तुमच्या खात्यावर यूपीआयने येऊ द्या आणि उधारी वेगळी भरा.

तिसरं उत्तर म्हणजे काहीच न येणं. पाच-सहा दिवस थांबा, मग एकदाच दोन ओळींचा मेल टाका: "काका, मागच्या आठवड्यात पंपाच्या व्हिडिओबद्दल लिहिलं होतं. मिरचीची फवारणी सुरू होण्याआधी करायचा विचार आहे, म्हणून विचारतोय." त्यानंतर गप्प राहा. दुकानात गेल्यावर चारचौघांत तो विषय काढू नका. शेजारच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, आणि अशा अवघडलेपणातून आलेला होकार नंतर पैशाच्या वेळी मागे फिरतो.

"चालेल" आलं की त्याच मेलला उत्तर देऊन चित्रीकरणाची तारीख आणि पहिले 750 मिळाल्याचं लिहा. तोंडी काही बदललं, म्हणजे काकांनी दुकानाच्या शटरचंही चित्रीकरण करायला सांगितलं किंवा व्हिडिओ आठ दिवस पुढे ढकलला, तर तेही त्याच मेलच्या खाली एका ओळीत टाका. सगळं एकाखाली एक राहिलं की वितरकाकडे पाठवायलाही सोपं जातं.

व्हिडिओ टाकल्यावर काकांना एक गोष्ट मागा. काउंटरवरच्या वहीत महिनाभर एक पान राखून ठेवा म्हणावं. व्हिडिओच्या शेवटी तुम्ही सांगायचं, "दुकानात गेलात तर व्हिडिओ पाहून आलो म्हणा." कोणी तसं म्हणालं की वहीत एक रेघ. यूट्यूब गाव दाखवत नाही, ते काम ही वही करते. महिन्याने पानावर दोन रेघा असतील तर पुढच्या वेळी 1,500 मागू नका, फक्त छोट्या फितीचे 500 मागा. सात-आठ रेघा असतील तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. ठिबकच्या फिल्टरसाठी किंवा मल्चिंग पेपरसाठी दुसऱ्या दुकानाला लिहाल तेव्हा, काकांना विचारून, मेलमध्ये एकच ओळ घाला: मागच्या व्हिडिओतून महिन्यात इतकी माणसं दुकानात आली.